पाहुण्यांच्या लिंकवरचे घड्याळवाले आजोबा

सहा दिवस नोकरी करायची आणि सातव्या दिवशी सकाळी नऊला चॅनेलच्या खोलीत हजर व्हायचं. माझं कपाळ, दुसरं काय! दर रविवारी दहा वाजता आमचा 'जुनं यंत्र, नवा जीव' हा कार्यक्रम लाइव्ह जातो. निवेदक समोर बसतो, पाहुणा त्याच्या घरून बोलतो आणि दोघांना एका पडद्यावर मी आणते.

आधी आम्ही पाहुण्यांना मीटिंगमध्ये बोलवत होतो. ॲप उतरवा, पासवर्ड टाका, आत घेईपर्यंत थांबा. आमचे पाहुणे सत्तरीचे कारागीर, निम्मे तिथेच गारद. मग मी ब्राउझरची लिंक काढली. मोबाइलवर ती उघडायची, कॅमेऱ्याला आणि माइकला परवानगी द्यायची, संपलं. पाहुणा माझ्या स्क्रीनवर एका चौकटीत येतो. त्याला दुसरे पाहुणे दिसत नाहीत आणि मी कार्यक्रमाच्या पडद्यावर घेतल्याशिवाय तो प्रेक्षकांना दिसत नाही. लिंक मात्र सगळ्यांना एकच. दर आठवड्याला नवी कोण करत बसणार?

घड्याळवाले आजोबा अशाच एका रविवारी आले होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. लंबकाबद्दल असे बोलले की निवेदक प्रश्न विचारायचं विसरला. कार्यक्रम झाला, आभार मानले, विषय संपला.

पुढच्या रविवारी नऊला बघते तर चौकटीत आजोबा! इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, मोबाइल पुस्तकांच्या ढिगाला टेकवलेला. चुकून आले असतील म्हटलं. पण खरा पाहुणा यायचा होता आणि मला आवाज तपासायचा होता. मी बटण दाबून त्यांच्याशी बोलले, "आजोबा, दहापर्यंत आकडे म्हणता का? जरा उजेडाकडे सरका." त्यांनी सगळं केलं. मग मी त्यांना निवेदकाचा आवाज ऐकायला ठेवला आणि माझ्या कामाला लागले. ते शेवटपर्यंत बसून राहिले.

असं अकरा रविवार चाललं. खरं सांगते, मला तपासायला फुकटचा माणूस मिळाला होता. इतकी थकलेली असायचे की त्यांना काय वाटत असेल, हा विचारच केला नाही. आणि आला तरी ढकलला.

मग कुणीतरी ती लिंक पुढे पाठवली. एक अनोळखी गृहस्थ बनियनवर चौकटीत येऊन जेवायला बसले. प्रेक्षकांना दिसले नाहीत, पण चॅनेलच्या मालकांनी माझ्या मागे उभं राहून पाहिलं. म्हणाले, "आज कार्यक्रम झाला की ही लिंकवरची खोली बंद करा. पुढच्या वेळेपासून पाहुण्यालाच लिंक, बाकी कुणालाही नाही."

कार्यक्रम संपला. निवेदक गेला. आजोबा चौकटीत तसेच. बंद करण्याआधी सांगायला हवं होतं, आणि सांगणार कोण? मीच. बटण दाबलं.

"आजोबा, एक बोलायचं होतं. ही लिंक आता बंद होणार आहे. आणि... तुम्हाला परत कार्यक्रमात घ्यायचं असं काही ठरलेलं नाही. माझंच चुकलं. मी उगाच तुम्हाला दर वेळी बसवून ठेवलं."

वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं, ताई," ते म्हणाले. "घड्याळजी आहे मी. चालू काय अन् बंद काय, कळतं मला."

"मग दर रविवारी आवरून कशाला बसता हो?"

"मुलगी परगावी असते. वर्षभर फोन नव्हता. त्या कार्यक्रमात मला पाहिलं आणि लगेच फोन केला. मी बोलून गेलो, आता दर रविवारी असतो मी तिथे. तेव्हापासून ती अख्खा कार्यक्रम बघते. संपला की फोन करते, बाबा, आजही दिसला नाहीत म्हणून." ते हसले. "खोटं कसं बोलू तिच्याशी? म्हणून येऊन बसतो. असतोच ना मी इथे?"



कार्यक्रम लोकांपर्यंत पोचायला अर्धा मिनिट लागतो, मग समारोपाचं गाणं. मुलीकडे तो आत्ता कुठे संपला असावा. आजोबांनी मोबाइलकडे पाहिलं. "आला बघा," म्हणाले, आणि त्यांचा आवाज गेला. मोबाइलवर फोन आला की ब्राउझरचा माइक तुटतो, चित्रही थिजतं. चौकटीत त्यांचा चेहरा राहिला, फोन उचलतानाचा.

दारातून मालकांनी विचारलं, "केली का खोली बंद?"

"केली," मी म्हणाले, आणि ती तशीच उघडी ठेवून आजोबांचं बोलणं संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.