एका धण्यातली दोघं

दुबलगुंडीच्या भागम्मा चाळीस वर्षं धणे चपलेखाली रगडूनच पेरत आल्या. नवी सून सुधारानी म्हणाली, "पेरायच्या दाण्याला पायताण लावायचं न्हाई, अत्त्या." तिनं आपला पहिला वाफा अख्ख्या धण्यांनी पेरला.

सासूच्या वाफ्यात रोपं सुटी उभी राहिली. सुनेची चार दिवस उशिरा उगवली, तीही जोडीनं. विरळणी करताना तिनं एक उपटलं, तर दोन्ही हातात आली. मुळं एकमेकांत गुंतली होती.

"असं कामून, अत्त्या?"

भागम्मांनी एक धणा बोटांत दाबला. त्याची दोन अर्धकं झाली. "एका घरात दोन जीव हायीत. आधी येगळं केलं की भांडण न्हाई."

"म्हणजे मी येगळं राहू?"

"तुझं तोंड उगवलंय चांगलं!" भागम्मा हसल्या.

"पण वाफा गेला का माझा?"

"न्हाई गेला. उपटू नकोस, जोडीतलं एक नखानं खुड. खुडलेलं वरणात टाकू."

सुधारानी दिवसभर वाकून खुडत राहिली. वाफा वाचला.

पुढच्या पेरणीला धणे पसरले, तेव्हा भागम्मांची चप्पल दाराशीच होती. त्यांनी बसायचा लाकडी पाट उलटा करून सुनेच्या हातात दिला. "हलकं रगड. पीठ करू नकोस."