ममताचं खरं वय

माही धाकटी बहीण ममता नेरमधी पिको-फॉलचं काम करते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, बाजूले साड्यांचा ढीग, आन् बोलणं इतकं गोड की बाई एक साडी घेऊन येते, पुढच्या खेपेले चार आणते. बापाच्या लकव्यापायी तिचं लगन उशिरा झालं. जवाई अतुल भला माणूस आहे. सासू रुखमाबाई भली आहे, पण तिच्या तोंडाले दाराची कडी नाही.

दोनदा ममताले दिवस गेले, दोनदा तिसऱ्या महिन्याच्या आतच गेलं. रुखमाबाईनं ठरवून टाकलं, मशीन चालवल्यानंच झालं. मले असा राग आलता! तिसऱ्यांदा दिवस राह्यले तं मशीनवर चादर पडली. पोरगी दिवसभर भिंतीकडे पाहत बसे.

आम्ही यवतमाळच्या डॉक्टरीणबाईकडे गेलो. पहिल्या भेटीत त्यांनी सोनोग्राफी आन् रक्त तपासायले सांगतलं. नर्सनं आधार कार्ड पाहून चौतीस वय टाकलं. ममतानं माह्याकडे पायलं, मी खाली पायलं.

कारण आम्ही दोघी बहिणी एक जूनच्या. आमच्या गावच्या मास्तरनं सगळ्या पोरांचा जन्म एक जूनलेच लावला. भावंडं सांभाळता सांभाळता ममता अकरा वर्षांची होऊन शाळेत गेली, आन् मास्तरनं सहा लिवले. खरं तिले एकोणचाळीस पुरे आहेत. अतुलले छत्तीस. नवरीचं वय नवऱ्यापेक्षा जास्त, हे सासरी कळलं असतं तं सोयरीकच झाली नसती. म्हणून आमच्या घरी कोणीच तोंड उघडलं नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही चौघंही डॉक्टरीणबाईसमोर बसलो होतो. त्या म्हणाल्या, "डाउन सिंड्रोमची शक्यता साडेसहाशेत एक आली आहे. म्हणजे कमी."

रुखमाबाईनं हात जोडले. "मशीन बंद केली म्हणून टिकलं, बाई."

"मशीनचा काही संबंध नाही, आजी. सुरुवातीचे गर्भपात निम्म्याहून जास्त वेळा गुणसूत्रांच्या गडबडीमुळं होतात. बाईची बीजं जन्मापासून तिच्यात असतात, तिच्याबरोबर त्यांचंही वय वाढतं. पस्तिशीनंतर बीजं कमी होतात, दिवस राहायला वेळ लागतो, आणि गुणसूत्रांची वाटणी चुकायची शक्यता वाढते. पण चौतिशीत एवढी नसते."

"मंग मशीनच," रुखमाबाई म्हणे.

ममताचा चेहरा लाल झाला. मी तिचा हात दाबला, हळूच म्हटलं, चूप राह्य, मागून दोघीच येऊन सांगू. तिनं हात सोडवला.

"या हिशेबात वय धरते काय, डॉक्टर?"

"हो. वय हाच पाया. रक्त आणि सोनोग्राफीचे आकडे त्यावर बसवतात."

"मंग तो हिशेब चुकला. मले एकोणचाळीस पुरे आहेत."

अतुलनं मान वळवून तिच्याकडे पायलं. रुखमाबाई बोटांवर मोजू लागली, मंग तिची बोटं थांबली. डॉक्टरीणबाईनं तिथूनच लॅबले फोन केला. तेच रक्त, तेच आकडे, फक्त वय बदलून उत्तर आलं: दोनशेत एक.

"हे जास्त धरतात," त्या म्हणाल्या. "तरी दोनशेतल्या एकशे नव्याण्णव बायांची बाळं यातून सुटलेली असतात. आईच्या रक्तात वारेचे बारीक अंश येतात, ते तपासणारी एक पुढची चाचणी आहे. ती जास्त भरवशाची, पण तीही चाळणीच. तिच्यातही शंका आली तर गर्भजल तपासून पक्कं कळतं. काय करायचं, ते तुम्ही ठरवा."

"रक्त घ्या," ममता म्हणे.

येताना एसटीत रुखमाबाई येगळ्या सीटवर बसली. अतुल खिडकीतून कपाशी पाहत होता. मंग तिच्याकडे वळून म्हणे, "आधी सांगतलं असतं तं?"

"लगन केलं असतं काय तुम्ही?"

त्यानं तोंड परत खिडकीकडे केलं. मले वाटलं, झालं, पोरीचं घर मोडलं. रिपोर्ट येईपर्यंत ना तिचा डोळा लागला, ना माहा. मी रोज फोन करून विचारू, "जेवली काय?" ती म्हणे, "जेवली." मले समजे, नाही जेवली.

रिपोर्ट कमी शक्यतेचा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. पण पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी करायचीच, यानं सगळंच कळत नाही." म्हणजे जीव अर्धाच खाली बसला.

त्या सोनोग्राफीले रुखमाबाई आपणहून आली. काउंटरवरच्या पोरीनं वय विचारलं. ममता सवयीनं पर्समधलं आधार काढू लागली. मागून रुखमाबाईनं तिचा हात धरला.

"ते ठेव," सासू म्हणे. मंग काउंटरवर वाकून साऱ्या बाकड्यांवरच्या बायांले आयकू जाईल अशा आवाजात बोलली, "एकोणचाळीस लिव, पोरी. माह्या पोरापेक्षा मोठी आहे माही सून. बरोबर लिव, माह्या नातवंडाचा हिशेब आहे."