सोमवारी करून पाहिलेला रस्ता

ऑफिसनं घरून काम बंद केलं तेव्हा माझी मुलगी दहा महिन्यांची होती. तोवर मी बालाघाटच्या घरातल्या मधल्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करत होते. आता आठवड्यातले चार दिवस हिंजवडीला हजर राहायचं होतं. नवऱ्याची नोकरी मलाजखंडच्या खाणीत, त्याला हलता येत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, मी येते तुझ्यासोबत, पोरीला मी पाहीन. त्यांनी एकच गोष्ट मागितली: घर त्यांच्या धाकट्या बहिणीजवळ घ्यायचं. मावशी पुण्यात आंबेगावला राहत, आणि त्यांच्याच सोसायटीत एक फ्लॅट रिकामा होणार होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर नवऱ्यानं मोबाईलवर नकाशा उघडला. आंबेगाव ते माझं ऑफिस. आम्ही तिघं त्या निळ्या रेघेकडे पाहत होतो.

"पस्तीस-चाळीस मिनिटं दाखवून राह्यलं," तो म्हणाला. "मग काय अडचण हाय?"

सासूबाईंनी तेव्हाच बहिणीला फोन लावला.

मला तो आकडा पटला नव्हता. का ते सांगता येत नव्हतं, कारण बालाघाटमध्ये आम्हाला अंतराची सवय आहे, वेळेची नाही. शेजारचं भरवेली गाव किती लांब विचारलं की माणूस किलोमीटर सांगतो आणि तेवढ्यावर हिशेब होतो. रात्री मुलगी झोपल्यावर मी पुन्हा नकाशा उघडला आणि निघायची वेळ बदलून सोमवार सकाळ केली. आता एक आकडा येईना. पाऊण तासापासून पावणेदोन तासांपर्यंत, असं लिहून आलं. मी नवऱ्याला दाखवलं. त्यानं पाऊण तास वाचला. मी पावणेदोन तास वाचला.

"येवढं सगळ्यात वाईट धरून चालशील त कोणतंच घर मिळणार नाही," तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

गोंदियाहून गाडी धरून आम्ही तिघी पुण्याला गेलो आणि मावशींकडे उतरलो. फ्लॅट चांगला होता. दोन खोल्या, वारा, खाली मुलांसाठी झोपाळे, आणि मावशींचं दार दोनच मजले वर. सासूबाई त्या झोपाळ्यांकडे अशा पाहत होत्या की मला बोलवेना. घरमालकीण म्हणाली, दुसरं एक कुटुंब पाहून गेलंय, सोमवारी संध्याकाळपर्यंत सांगा. एजंटनं हसत सांगितलं, हायवेला लागलात की वीस मिनिटं. कोणत्या वेळी, असं मी विचारलं. तो म्हणाला, मॅडम, रस्ता तोच असतो.

म्हणून मी ठरवलं की सोमवारी जाऊन पाहायचं. नुसतं जाऊन नाही, कामाच्या वेळेला जायचं, दिवसभर तिथंच राहायचं आणि सुटायच्या वेळेला परतायचं. तसंही मला नवीन ओळखपत्र घ्यायला जायचंच होतं. मुलगी बाटली तोंडात धरत नव्हती. वाटी-चमच्यानं दूध आणि थोडा वरण-भात, एवढ्यावर तिला ठेवून मी निघाले.

सकाळी टॅक्सी सोसायटीत यायलाच वेळ लागला. तो वेळ नकाशात नव्हता. नवले पुलाशी गाडी पहिल्यांदा थांबली, मग वारजे, मग चांदणी चौक ओलांडून थोडं मोकळं, आणि वाकडपाशी पुन्हा सगळं बंद. हिंजवडीत शिरल्यावर ऑफिस दिसत होतं तरी पोहोचत नव्हतं. फाटकावर रांग, लिफ्टला रांग. जागेवर बसले तेव्हा घरून निघून जवळजवळ दीड तास झाला होता. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, पहिला दिवस आहे, रस्ता समजला की कमी होईल. मीही स्वतःला तेच सांगितलं. दीड तास सोसता येईल, असं दुपारपर्यंत जवळजवळ ठरलंही होतं.

संध्याकाळी सहाला बाहेर पडले. टॅक्सीत बसल्यावर पहिला अर्धा तास आम्ही हिंजवडीतूनच बाहेर पडत होतो. शेजारच्या बसमधली माणसं शांतपणे झोपली होती. माझं अंग दुधानं ठणकत होतं, ओढणी पुढं घेऊन मी दोन्ही हात छातीवर धरून बसले होते. सासूबाईंचा फोन आला. मागं मुलीचं रडणं ऐकू येत होतं, घसा बसल्यासारखं.

"कुठंशी हायेस?"

"वाकड."

त्यांना वाकड कुठं ते माहीत नव्हतं. "म्हणजे किती वेळ?"

मी नकाशात पाहिलं. तिथला आकडा दर थोड्या वेळानं वाढत होता. मी म्हणाले, येऊन राह्यली, आई. त्यांनी फोन ठेवला.

पुढं कुठं अपघात झालाय का, असं मी ड्रायव्हरला विचारलं. मला मनातून वाटत होतं की झालेला असावा, म्हणजे आजचा दिवस मोजायला नको. तो म्हणाला, "नाही ताई, रोजचंच आहे."

सव्वाआठला मी सोसायटीच्या फाटकाशी उतरले. सासूबाई मुलीला खांद्यावर घेऊन तिथंच उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. मी घरात जाईपर्यंतही मुलगी रडायची थांबली नाही. मावशींच्या आतल्या खोलीत पाजायला घेतलं, तर ती पिता पिताच झोपून गेली, मध्येच हुंदके देत.

बाहेरूनच मावशींनी सांगितलं की मालकिणीला त्यांनी दुपारीच होकार कळवलाय. हातचं घर जाऊ नये म्हणून.

मी बाहेर येऊन म्हणाले, "मले रोज हे जमणार नाही."

मावशींना ते लागलं. त्या म्हणाल्या, त्यांचा मुलगा इतकी वर्षं याच रस्त्यानं जातो, शहरात सगळेच जातात, सवय होते. शिवाय तिकडं लांब कोण आहे आपलं? रात्री पोर आजारी पडली तर? त्यांचं प्रत्येक वाक्य खरं होतं. मी सासूबाईंकडे पाहत होते, कारण बहिणीजवळ राहायची आशा त्यांची होती.

सासूबाई बहिणीकडे न बघता तिला म्हणाल्या, "सकाळी गेली तवा पोरगी झोपून होती, आता आली त पुन्हा झोपली. मी दिवसभर तुझ्यासंग बसीन, पण हिची माय कोण होईन? फोन कर त्या बाईले."

मावशींनी केला. मालकीण रागावली. मावशी त्याहून जास्त दुखावल्या, आणि पुढं दिवाळीपर्यंत आमच्याशी तुटक बोलल्या.

मंगळवारपासून आम्ही हिंजवडीकडच्या माण गावात घरं पाहिली. या वेळी सासूबाई प्रत्येक दारातून माझ्यासोबत मुलीला कडेवर घेऊन ऑफिसच्या फाटकापर्यंत चालत आल्या, सकाळच्या गर्दीत. एका घरापासून निघालो तेव्हा रिक्षा गर्दीत अडकून राहिल्या आणि आम्ही चालत आधी पोहोचलो, तेच घर घेतलं. एक खोली आणि स्वयंपाकघर, समोर नवीन इमारतीचं काम, खिडकी उघडली की सिमेंटची धूळ, पाणी टँकरचं.

जेवणाच्या सुट्टीत मी घरी येऊन मुलीला पाजू लागले. मला हवं होतं ते मिळालं. सासूबाईंना मिळालं नाही. त्या मजल्यावर त्यांची भाषा बोलणारं कोणी नव्हतं, बंद दारांमागं सगळी तरुण जोडपी, सकाळी जाणारी. पहिल्या महिन्यात एकदा मी दुपारी आले तेव्हा त्या खिडकीशी उभं राहून, समोर विटा वाहणाऱ्या बाईला खुणेनं विचारत होत्या की तिचं लेकरू कुठं ठेवलंय. बाईनं वाळूच्या ढिगाकडं बोट दाखवलं. सासूबाईंनी पोळीत गूळ गुंडाळला आणि मला म्हणाल्या, तू पोरीले घे, मी खाली जाऊन येतो.