चौथं कडवं

गल्लीत तिला सगळे इस्त्रीवाली म्हणत. कपडे हातात घेतले की कापड तिचं ऐकायचं, माणसांनी मात्र तिच्याशी जपून वागावं. एकदा एका गिऱ्हाइकाने चारचौघांत तिच्या कामाला नावं ठेवली. तेव्हापासून त्याचा शर्ट झकास इस्त्री होऊन जातो, पण गळ्यापासून मनगटापर्यंत सगळी बटणं लावून. ऑफिसच्या घाईत बिचारा रोज एकेक काढत बसतो. तक्रार तरी काय करणार?

अशा बाईचं गाणं तिच्या नणंदेने चोरलं. तिची अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

गाणं लेकीच्या शाळेच्या पहिल्या सकाळचं. त्या सकाळी लेकीला आत सोडून इस्त्रीवाली दुकानात आली आणि कामाला लागली. इस्त्री पुढे सरकली की एक ठोका, मागे आली की दुसरा. त्या ठोक्यावर तोंडात शब्द येऊ लागले. आधी धृपद आलं, कारण फाटकापाशी तेच ऐकलं होतं:

*हात सोड गं, हात सोड,*
*घंटा झाली, हात सोड.*

मग कडवी. पहिलं तोऱ्याचं, कारण गणवेशाची इस्त्री तिची स्वतःची होती:

*नवा गणवेश, कडक इस्तरी, घडी मोडायची भीती,*
*बसायचं ती विसरून गेली, उभीच राहिली किती!*

दुसरं बुटांचं. पुढच्या वर्षीही पुरावेत म्हणून मोठे घेतलेले:

*बूट घेतले मोठे मुद्दाम, पुढे कोंबला कापूस,*
*पडशील बाळे, धावत धावत वर्गाकडे नको जाऊस.*

तिसऱ्यात पोटातली काळजी वर आली. ते कडवं तिने चढ्या सुरात बांधलं आणि वरच सोडून दिलं, काळजी असते तसंच:

*डब्याचं झाकण घट्ट बसतं, उघडून देईल कोण?*
*सांगेल का ती, सांगेल कुणाला, शब्दच बोलते दोन!*

वर गेलेला सूर खाली उतरायला आणखी एक कडवं हवं होतं. तेही सुचलं, पण सुचलं तेव्हा इस्त्री हातातच थांबली आणि एका गिऱ्हाइकाच्या उशीच्या अभ्र्याला तपकिरी डाग पडला. अभ्र्याचे पैसे भरून द्यावे लागले. तेव्हापासून चौथं कडवं दुकानात म्हणायचं नाही, असं तिने ठरवलं. ते ती घरी, लेकीची वेणी घालताना, अगदी हळू म्हणायची.

नणंद त्याच शाळेत गाणं शिकवायची. कपडे टाकायला आली की पायरीवर बसून ऐकायची. "वहिनी, काय गोड आहे गं! परत म्हण ना." वहिनी भोळेपणाने परत म्हणायची. नणंदेची पाठांतराची शक्ती चांगली होती, एवढंच तिचं कर्तृत्व.

वर्ष सरता सरता शाळेत पालकांचा मेळावा झाला. नणंद माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझी एक छोटीशी रचना सादर करते." इस्त्रीवाली मागच्या खुर्चीवर बसली होती. पहिली ओळ ऐकून तिच्या अंगाची लाही लाही झाली. वर दुसऱ्या कडव्यात कापूस गायब! 'पायी मोजे मखमली' म्हणे. आता मखमलीचं 'जाऊस'शी कसं जमायचं? यमकाचा पाय मोडला आणि तरी लोकांनी टाळ्या पिटल्या. मुख्याध्यापिकाबाई उठून म्हणाल्या की दर वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी हे गाणं आमच्या बाई म्हणतील.

घरी गेल्यावर इस्त्रीवालीने नणंदेला विचारलंच. "कापूस कुठे गेला?"

"अगं, बरं नाही दिसत ते. उगाच गरिबी दाखवल्यासारखं. आणि तू काय गाणं घेऊन स्टेजवर जाणार होतीस का? घरातल्या घरातच आहे ना."

नवरा म्हणाला, "बहीण आहे माझी. सोडून दे आता."

"सोडलं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याच्या शर्टाचीही सगळी बटणं लागलेली येऊ लागली.

पण बटणांनी भागणारं हे दुखणं नव्हतं. लेक मोठी होईल, तिला मुलं होतील आणि तिच्या त्या सकाळचं गाणं जगाच्या लेखी आत्याचं राहील, ह्या विचाराने तिला घास गोड लागेना. भांडली असती तर लोक म्हणाले असते, जळते बिचारी. तिने नणंदेवर दात धरून वाट पाहिली. नणंदेचा मुलगा पुढच्या वर्षी शाळेत जाणार होता, हे तिला ठाऊक होतं. हिशेब त्याच सकाळी चुकता करायचा, हे तिने पक्कं केलं.

ती सकाळ उजाडली. शाळेच्या पटांगणात नव्या मुलांचे आईबाप उभे, कुणी रडतंय, कुणी फोटो काढतंय. नणंद माइकपाशी, एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात मुलाचा हात. इस्त्रीवाली मुद्दाम अगदी पुढे उभी राहिली. नणंदेने तिला पाहिलं आणि गोड हसली. हसू दे, ती मनात म्हणाली.

तोरा झाला, मखमल झाली, डब्याचं झाकण झालं. 'दोन' वर सूर चढला आणि नेहमीसारखा तिथेच लोंबकळला. लोक टाळ्यांसाठी हात उचलणार, तेवढ्यात इस्त्रीवालीने तो सूर वरच्या वर उचलला. माइक नव्हता, पण मोठ्याने बोलायची सवय होती.

*बोटं तिची तर सैल केव्हाची, हातातून ती सुटली,*
*पाहते तर काय, माझीच मूठ कुलपासारखी मिटली.*

आणि सूर पायरी पायरीने खाली उतरवून तिने धृपद म्हटलं, जसं लेकीने तिला फाटकापाशी म्हटलं होतं:

*हात सोड, आई, हात सोड,*
*घंटा झाली, हात सोड.*

आत्तापर्यंत सगळ्यांना वाटत होतं की आईच मुलीला हात सोडायला सांगतेय. पुढच्या रांगेतल्या एका बापाने खाली पाहिलं आणि गुपचूप आपली मूठ उघडली. आया तर उघड उघड डोळे पुसू लागल्या. इस्त्रीवालीला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिची नजर नणंदेच्या हातावर होती.

नणंदेचा मुलगा हात ओढत होता. "आई, सोड ना. दुखतंय." नणंदेला ते आत्ता कळलं. तिने हात सोडला, मुलगा वर्गाकडे पळाला, आणि ती रिकाम्या हाताकडे बघत राहिली. चेहरा पार उतरला होता.

इस्त्रीवालीला दया आली का? नाही आली. उलट त्या मेळाव्यानंतर पहिल्यांदा तिच्या जिवाला गार वाटलं.

मुख्याध्यापिकाबाई गोंधळून विचारत्या झाल्या, "बाई, हे कडवं तुम्ही आम्हाला कधी ऐकवलं नाहीत?"

नणंदेने रिकाम्या हातावरून नजर उचलली. थाप मारायची तर हीच वेळ होती, आणि तिला थापा जमायच्या. पण समोर वहिनी पापणी न हलवता उभी होती.

"ते... ते माझं नाही," ती पुटपुटली. "गाणंच माझं नाही. वहिनीचं आहे."

माइक खाली गेला होता. पुढच्या दोघाचौघांनाच ते ऐकू आलं. इस्त्रीवाली दोन पावलं पुढे गेली, नणंदेचा माइकवाला हात धरून नीट तिच्या तोंडापाशी आणला आणि तिथेच घट्ट धरून ठेवला.

"परत सांग," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही. आणि कापसाचंही सांग."