चार मिनिटांचा फरक

घरात दोघी जावा. थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खाली सासूबाईंबरोबर. मधे बारा-पंधरा पायऱ्यांचा जिना, आणि त्या जिन्यावरून दिवसभर वाट्या, चादरी, निरोप, तक्रारी असं सगळं वरखाली चाललेलं असायचं.

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या गरम करून कानामागे वळवायच्या, काच नीट बसली की नाही ते उजेडात धरून बघायचं. लग्नामुळे तिचं कॉलेज मधेच सुटलं होतं. मुलगा नोकरीला लागला तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं, "मी आता संध्याकाळच्या वर्गाला नाव घालतेय. सिनेमाच्या अभ्यासाचा कोर्स आहे. दोन वर्षांचा."

नवरा म्हणाला, "सिनेमा बघायला अभ्यास कशाला लागतो?"

"तुला सांगून कळायचं नाही," ती म्हणाली, आणि फी भरून आली.

पहिले काही आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. वर्गात ती वयाने मोठी, सगळे तिला मान द्यायचे. घरी जेवताना ती सांगायची, कॅमेरा कुठे ठेवला की माणूस लहान दिसतो, आवाज आधी ऐकवून चित्र नंतर का दाखवतात. सगळे ऐकायचे. धाकटी तर हातातला घास तसाच धरून ऐकायची. आणि एके दिवशी धाकटी म्हणाली, "वहिनी, मीपण येऊ का? अजून प्रवेश चालू आहेत म्हणे."

नाही कसं म्हणणार? थोरली म्हणाली, "ये की." आयत्या बिळावर नागोबा, असं तिच्या मनात आलं, आणि तिने ते मनातच ठेवलं.

धाकटी हुशार होती. सोन्यासारखी हुशार, आणि वर साधी. तिच्यावर राग धरावा असं काही ती करतच नसे, हीच पंचाईत. दोन महिन्यांत वर्गातल्या मॅडम तिचे निबंध मोठ्याने वाचून दाखवायला लागल्या. घरी जेवताना सासूबाई विचारायच्या, "आज काय शिकवलं?" आणि बघायच्या धाकटीकडे. थोरली भाजी वाढायची आणि चमचा जरा जास्तच जोरात भांड्यावर आपटायची.

वर्षाअखेरचा निबंध आला. सगळ्यांत चांगला निबंध विभागाच्या वार्षिकात छापून येणार होता. मॅडमनी आधीच बजावलं होतं, "नुसतं 'त्या चित्रपटातल्या एका दृश्यात' असं लिहून चालणार नाही. दिग्दर्शकाचं नाव, प्रदर्शनाचं वर्ष, आणि दृश्य कुठल्या वेळेला सुरू होतं, कुठे संपतं ते तास-मिनिटं-सेकंदांत. पुस्तकाला जसा पान क्रमांक, तशी सिनेमाला ही वेळ. वाचणाऱ्याने तिथे जाऊन थांबलं की तेच दृश्य दिसलं पाहिजे. मालिकेचा भाग असेल तर भागाचं नाव, सीझन, भागाचा क्रमांक, आणि त्या भागाचा दिग्दर्शक."

शिवाय निबंध देण्याआधी जोडीदाराने एकमेकांचे संदर्भ तपासायचे आणि तपासणीच्या कागदावर सही करून शेरा लिहायचा. मॅडमनी जोड्या लावल्या. "तुम्ही दोघी एकाच घरातल्या, बरं पडेल," असं म्हणून जावांची जोडी लावून टाकली.

थोरलीचा निबंध जेवणाच्या टेबलाबद्दल होता. एक चित्रपट, एक माहितीपट आणि एका मालिकेचा एक भाग, असं तिने घेतलं होतं. धाकटीने एकच चित्रपट घेतला होता. एका परिचारिकेची गोष्ट. त्यात ती तीनदा हात धुते, आणि तिन्ही वेळा ती वेगळी बाई असते, असं धाकटीचं म्हणणं. थोरलीने निबंध वाचला आणि खुर्चीत तशीच बसून राहिली. आपण तो चित्रपट दोनदा बघितला होता. हात धुतलेले आपल्यालाही दिसले होते. मग आपल्याला हे का सुचलं नाही?

तिने संगणकावर चित्रपट लावला आणि एकेक वेळ तपासायला घेतली. धाकटीने पहिलं दृश्य लिहिलं होतं 00:12:00. तिथे परिचारिका अजून जिना चढत होती. हात धुणं आलं 00:12:30 ला. असेल घाई, थोरलीला वाटलं. दुसरं लिहिलं होतं 00:48:24, प्रत्यक्षात आलं 00:50:25 ला. तिसरं 01:36:48, आणि ते होतं 01:40:50 ला. चार मिनिटांचा फरक!

तिला काय वाटलं, ते तिने पुढे कधी कुणाला नीट सांगितलं नाही. पण वाटला होता तो आनंद. सणसणीत, तोंडाला पाणी सुटावं तसा. म्हणजे बाईसाहेबांनी चित्रपट बघितलाच नाही, कुठून तरी उचललंय, आणि वेळा अंदाजपंचे ठोकून दिल्यात! खाली जाऊन विचारायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. धाकटी खालीच होती, तिच्या बोलण्याचा आवाज येत होता. थोरलीने पेन उचललं आणि कागदावर लिहिलं, 'तिन्ही वेळा जुळत नाहीत. चित्रपट न पाहता लिहिल्यासारखं वाटतं.' खाली सही केली आणि शुक्रवारी तो कागद देऊन आली.

रविवारी सकाळी धाकटी जिना चढून वर आली. हातात थोरलीचा निबंध.

"वहिनी, एक सांगू? तुम्ही मालिकेच्या भागाला जे दिग्दर्शक दिलेत ना, ते त्या मालिकेचे निर्माते आहेत. सगळी मालिका त्यांच्या कल्पनेतली, पण हा भाग दुसऱ्याच बाईंनी दिग्दर्शित केलाय. शेवटच्या श्रेयनामावलीत नाव आहे. मी कागदावर काही लिहिलं नाही. तुम्ही आत्ताच बदला, मग मी सही करते."

थोरलीने बदललं. धाकटीने सही केली, चहा घेतला, आणि जाताना म्हणाली, "तुमचं ते रिकाम्या खुर्चीबद्दलचं वाक्य काय सुंदर आहे हो!"

दार लागल्यावर थोरलीचा तिळपापड झाला. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण तिच्याआधी राग आला. चांगुलपणातसुद्धा हिनेच पहिला नंबर काढायचा?

सोमवारी ती दुकानातून लवकर निघून विभागाच्या प्रयोगशाळेत गेली. आपला शेरा बरोबर होता याची तिला खात्री करून घ्यायची होती, म्हणजे मग मनाला टोचणी नको. तिथे यंत्रं सांभाळणारे काका होते. तिने वेळांच्या दोन रांगा त्यांच्यापुढे ठेवल्या.

काकांनी बघितलं. "एक वेळ चुकली असती तर चूक म्हटलं असतं. ही चूक नाही. फरक वाढत वाढत गेलाय बघा. बारा मिनिटांशी अर्धं, पन्नासपाशी दोन, शंभरापाशी चार. हिने जुन्या डिस्कवर बघितलाय का?"

"डिस्कवर? म्हणजे?"

"चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी, म्हणजे चोवीस चित्रांनी, चालतो. जुन्या टीव्हीला काही देशांत पंचवीस लागायच्या. मग डिस्क काढताना सगळा चित्रपटच जरासा पळवायचे. बघणाऱ्याला कळतही नाही, आवाज तेवढा किंचित बारीक होतो. तासाला जवळजवळ अडीच मिनिटं वाचतात. म्हणून तर संदर्भात कुठली प्रत बघितली ते लिहायला सांगतात. डिस्क, की ऑनलाइन, की आणखी कुठली. ते लिहिलं नाही की वेळेला अर्थ नाही."

थोरलीला खालच्या मजल्यावरचा टीव्ही आठवला. त्याच्यावर धाकटीच्या माहेराहून आणलेल्या डिस्कचा डबा महिनाभर पडून होता. तिने स्वतः त्याच्यावरची धूळ पुसली होती.

ती घरी गेली, स्वयंपाक केला आणि कुणालाही काही सांगितलं नाही. गप्प राहिलं तर काय होईल, हा विचार तिने केलाच नाही असं नाही. केला. भांडी घासतानाही केला. धाकटीला वेळा का जुळत नाहीत ते सांगता येणार नव्हतं, कारण डिस्क पळते हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मंगळवारी मॅडमनी धाकटीला खोलीत बोलावलं. थोरली बाहेरच्या बाकावर बसली होती आणि दार अर्धवट उघडं होतं.

"मी पॉज करून करून लिहिलंय, मॅडम," धाकटी सांगत होती.

"मग त्या वेळेला ते दृश्य का नाही?"

"मला खरंच माहीत नाही."

मॅडमनी कागद तिच्यापुढे सरकवल्याचा आवाज आला. थोरली उठली. आत जाताना आपण काय बोलणार आहोत हे तिला माहीत नव्हतं. तोंडातून आलं ते असं: "मॅडम, तिने डिस्कवर बघितलाय. डिस्क पंचवीसने चालते. तिच्या वेळा डिस्कवर बरोबर आहेत. मी नीट चौकशी न करता लिहिलं."

मॅडमनी डिस्क मागवली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत लावली, आणि तिन्ही ठिकाणी परिचारिका हात धूत होती, सेकंदाला सेकंद. नियमात असूनही धाकटीने कुठली प्रत बघितली ते लिहिलं नाही, म्हणून तिचे दोन गुण गेले. थोरलीला मॅडम एवढंच म्हणाल्या, "तपासणारा चूक शोधतो. नियत शोधत नाही." ते तिला गुण जाण्यापेक्षा जास्त लागलं.

मंगळवारीच परतताना दोघी बस थांब्यावर उभ्या होत्या. मॅडमनी पुढे सरकवलेल्या कागदावरचा शेरा धाकटीने वाचला होता.

"खाली येऊन विचारायचं ना, वहिनी."

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

"मग?"

"मला उत्तर नको होतं," थोरली म्हणाली. एकदा तोंड उघडलं तशी ती थांबेना. "हा कोर्स माझा होता. या वयात एक गोष्ट माझी म्हणून मिळाली होती, आणि तू त्यातही आलीस, आणि माझ्यापेक्षा बरी निघालीस. तुझं काही चुकलं नाही. मला माहितेय. तरी मला तुझा राग येतो."

धाकटी रडली नाही आणि तिने समजूतही घातली नाही. बस आल्यावर ती पुढच्या सीटवर बसली, थोरली मागच्या. घरात पुढचा महिनाभर दोघी कामापुरतं बोलल्या. सासूबाईंना काहीतरी कळलं असावं, कारण जेवताना अभ्यासाबद्दल विचारायचं त्यांनी बंद केलं.

वार्षिक निघालं. धाकटीचा लेख छापून आला. सासूबाईंनी शेजारणीला दाखवला, दिराने चार प्रती आणल्या. थोरलीने आपली प्रत ओट्याशी उभ्याउभ्याच वाचली. लेख चांगला होता. वाईट असता तर बरं झालं असतं, असं तिला अजूनही वाटलं, आणि असं वाटल्याचं तिला नवल वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिने आपल्या धंद्यातलाच विषय घेतला: पडद्यावरची माणसं चष्मा कधी काढतात. सात चित्रपट, एक माहितीपट. प्रत्येकापुढे दिग्दर्शक, वर्ष, वेळ आणि कुठल्या प्रतीवर बघितलं ते. या खेपेला जोडीदार ज्याचा त्याने निवडायचा होता. थोरलीने निबंध तीन दिवस कपाटात ठेवला. चौथ्या दिवशी ती जिना उतरली, धाकटीच्या टेबलावर तो ठेवला, "बघ जमलं तर," म्हणाली आणि परत वर आली.

वर आल्यावर तिने दार लावलं नाही. एक विनोद तिने दुसऱ्या पानावर घातला होता. खालून पान उलटल्याचा आवाज आला. ती हातातलं काम तसंच ठेवून उभी राहिली, धाकटी हसते का ते ऐकत.