तीनशे छात्या

सीमंतिनीताई मुळ्ये सांख्यिकी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या आमच्या छोट्या संस्थेत बिनपगारी येऊ लागल्या. मी तिथे नोकरीला होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

ग्वाल्हेरबाहेरच्या दगडखाणींत किती मजुरांच्या छातीत धूळ बसली आहे, ते शोधायचं काम आम्हाला मिळालं होतं. मजुरांच्या यादीत चार हजार दोनशे नावं होती. मंजूर रक्कम तीन लाख, वर एक पैसा मिळणार नव्हता. एक्स-रेची गाडी, डॉक्टर, प्रशिक्षण, अहवाल हा एक लाख वीस हजारांचा खर्च एका माणसाची तपासणी केली काय अन् हजारांची केली काय, तेवढाच होता. मग प्रत्येक माणसामागे सहाशे: फोटो, त्याचं वाचन आणि बुडालेली मजुरी.

"राहिले एक लाख ऐंशी हजार," ताईंनी कागदावर भागाकार मांडला. "सहाशेने भाग. तीनशे माणसं."

आमचे सचिव जयसिंहराव म्हणाले, "दीडशे केली तर? नव्वद हजार हातात राहतील, ऐन वेळी कामी येतील."

"हातात राहून आकडा सुधारत नाही, जयसिंहराव. तीनशेंत चूक पाच टक्क्यांच्या आत राहील, दीडशेत सहाच्या वर जाईल. पैसे ठरलेले आहेत, तर ते सगळे माणसांवर लावायचे. त्याहून जास्त जमत नाही, त्याहून कमी करायचं कारण नाही."

यादीतली तीनशे नावं संगणकाने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी उचलली. कुणाचा वशिला नाही, कुणाची दया नाही.

तपासणी शिबिराच्या दुसऱ्या दिवशी खाणीजवळच्या वस्तीतली रामरती आली. भगोने नावाचा तिचा नवरा तिचा खांदा धरून उभा. चार पावलं चालला की थांबायचा, आणि श्वास घेताना गळ्याखालचा खड्डा आत ओढला जायचा. त्याचं नाव यादीत होतं, पण तीनशेंत नव्हतं.

"बहनजी, एक फोटू इनका भी खींच दो," ती म्हणाली. "सरकारी मदद के लिए फोटू माँगते हैं."

ताईंनी भगोनेकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या हो म्हणतील.

"ताई, एकाने काय फरक पडणार?" मी हळूच म्हटलं.

"फरक पडणार नाही, ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तीनशेऐवजी दोनशे नव्व्याण्णव, चूक केसभर वाढेल. पण उद्या फाटकाशी चाळीस जण असतील, सगळे असेच खोकणारे. त्यांच्यासाठी चिठ्ठीतले चाळीस वगळले, तर उरलेले कुणाचे प्रतिनिधी? जो दमलाय त्याला आधी घेतलं की आकडा फुगतो. मग अधिकारी म्हणतील, तुम्ही आजारी माणसंच वेचून आणलीत."

रामरतीला त्यांनी हिंदीत एवढंच सांगितलं, की मोठ्या दवाखान्यात जा. चिठ्ठीही लिहून दिली. भगोनेला गाडीभाडं परवडणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. तो बायकोचा खांदा धरून वळला.

तीनशेंपैकी बहात्तर जणांच्या छातीत धूळ निघाली. शंभरात चोवीस, खरा आकडा साधारण एकोणीस ते एकोणतीसच्या मध्ये. म्हणजे एकूण मजुरांतले हजाराच्या आसपास. अधिकाऱ्यांनी मोजणी पुन्हा पुन्हा तपासली, नावं कशी निवडली ते विचारलं, आणि शेवटी मान्य केलं. दोन खाणींवर पाण्याचे फवारे बसले. त्या बहात्तर जणांचे मदतीचे अर्ज गेले.

भगोने त्याआधीच, पोळ्यानंतरच्या आठवड्यात गेला. फोटो नव्हता, म्हणून रामरतीचा अर्ज परत आला.

ही बातमी मीच ताईंना दिली. त्या बराच वेळ टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिल्या.

"तन्वी, सर्वेक्षणातून द्यायचे नव्हते, हे बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पर्समधले सहाशे? ते काही सर्वेक्षणाचे नव्हते. त्या दिवशी पर्स माझ्या खांद्यालाच होती. सुचलंच नाही गं मला. मी हिशोब सांभाळत बसले."

"ताई, तुम्ही चाळीस जणांना कुठून पुरला असता?"

"चाळीस जण आलेच नाहीत. आला तो एकच."

त्या रविवारी आम्ही दोघी वस्तीवर गेलो. रामरती दारात गिट्टी फोडत बसली होती, तोंडाला पदर बांधून. ताईंनी पैशांचं पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं, न मोजता कमरेला खोचलं, आणि विचारलं, "अब किसका फोटू होगा?"

ताईंनी पर्स बंद केली. हातोडी पुन्हा सुरू झाली. बारीक पांढरी धूळ आमच्या चपलांवर बसत होती.