धुडकूआबांनी ओळखलेलं मशीन

माझा डावा पाय लहानपणापासून लुळा. म्हणून आई गेल्यावर तिचं शिलाईचं पायमशीन विकायला मी लिंबायतीतल्या धुडकूआबांच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

आबांनी मशीनच्या खांबावरचा काळवंडलेला बिल्ला पुसला. "उषा कंपनीचं." मग चाकाखालच्या उंचवट्यावर बोट फिरवलं. तिथला रंग घासलेला, स्क्रूचं भोक रिकामं.

"वर्षा, हे मुळात हातमशीन. हँडल काढून कुणीतरी पायावर बसवलंय."

"मग आजवर कुणाला सांगता आलं नाही?" मी चिडलेच.

आबांनी पट्टा काढला, त्याच मापाचं जुनं हँडल बसवून त्याची बोटाएवढी दांडी चाकाच्या आऱ्यांत अडकवलं. "फिरव."

टाके पडू लागले.

आता ब्लाउज शिवून माझं घर चालतं. पण पहिली शिलाई आबांच्या फाटक्या खिशाला घातली, अंगातला शर्ट काढायला लावून.